रोज किती शब्द? थीसिसच्या शेवटच्या ९२ दिवसांचा हिशेब

"किती झालं लिहून?"

"होतंय सर. महिन्याभरात देते पूर्ण ड्राफ्ट."

हा संवाद माझ्या आणि गाइडच्यात १५ ऑक्टोबरला झाला. सबमिशनची तारीख होती १५ जानेवारी. 'होतंय' म्हणजे काय, तर माझ्या लॅपटॉपवर Thesis_final नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात सहा रिकाम्या फाइल्स होत्या. प्रत्येक फाइलला प्रकरणाचं नाव मात्र व्यवस्थित दिलेलं. फेलोशिपची पाच वर्षं सप्टेंबरमध्येच संपली होती, म्हणजे बँकेत काही येणं बंद झालेलं. हॉस्टेलची खोली जानेवारीअखेर सोडायची होती. त्यामुळे तारीख पुढे ढकलायची तर ते स्वतःच्या खिशातून होणार होतं.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता याच टप्प्यावर आहात हे मला माहीत आहे, कारण हल्ली कॅन्टीनमध्ये भेटणारा प्रत्येक जण 'फक्त लिहायचं राहिलंय' असं म्हणतो. म्हणून या वेळी झिंक ऑक्साइडला सुट्टी. रोजचं लेखनाचं टार्गेट मी कसं काढलं, ते पहिल्याच आठवड्यात कसं चुकलं आणि मग काय केलं, एवढंच सांगते. प्रेरणा वगैरे देणं मला जमत नाही, आकडेमोड जमते.

आधी त्या 'महिन्याभरात देते' बद्दल. हे खोटं बोलणं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं. बुहलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघा मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली नेमकं हेच तपासलं होतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ पेक्षा थोडे जास्त. म्हणजे माणसाची सगळ्यात वाईट कल्पनासुद्धा वास्तवापेक्षा गोडच असते. आपण अंदाज काढताना कामाचे टप्पे डोळ्यांपुढे आणतो आणि ते सुरळीत पार पडताना बघतो. मागच्या वेळी असंच काम करताना किती दिवस गेले होते, हे आठवत नाही. माझा पहिला पेपर 'दोन आठवड्यांत' लिहायचा होता. त्याला अडीच महिने लागले होते. तरी मी महिन्याभरात थीसिस देणार होते!

म्हणून टार्गेट ठरवताना पुढून मोजू नका, मागून मोजा. माझं गणित असं होतं.

१५ ऑक्टोबर ते १४ जानेवारी, ९२ दिवस. यातले शेवटचे २४ दिवस लेखनाचे नाहीतच. त्यात गाइड वाचणार, दुरुस्त्या होणार, सिमिलॅरिटी रिपोर्ट येणार, फॉरमॅटिंग, प्रिंट, बाइंडिंग, नो-ड्यूजच्या सह्या. उरले ६८. त्यात दहा रविवार. रविवारी मी लिहीन असं मी पाच वर्षं म्हणत आले आहे, म्हणून ते सरळ वजा केले. दिवाळी आणि मामेबहिणीचं लग्न मिळून सात दिवस. उरले ५१. मग सहा दिवस 'काहीतरी होईल' म्हणून सोडले. ताप, लॅबमध्ये ज्युनियरचं मशीन बंद पडणं, बँकेचं केवायसी, असं काहीतरी होतंच. उरले ४५.

आता शब्द. आमच्या विभागातल्या शेवटच्या चार-पाच थीसिस ग्रंथालयात बसून चाळल्या आणि ३६,००० शब्द हा अंदाज धरला. त्यातले १२,००० माझ्या छापून आलेल्या दोन पेपरांमधून येणार होते. म्हणजे नवीन लिहायचे २४,०००. प्रस्तावना आणि पूर्वसंशोधन ८,०००, उपकरणं आणि पद्धती ६,५००, निष्कर्षांच्या तीन प्रकरणांत मिळून ८,०००, समारोप १,५००. भागिले ४५. रोज ५३३ शब्द.

५३३ हा आकडा बघून मला हायसं वाटलं. पाचशे शब्द म्हणजे काय, दीड पान! व्हॉट्सअॅपवर मी रोज त्याहून जास्त लिहिते.

पहिल्या आठवड्यात सहा दिवस प्रामाणिकपणे बसले. रात्री झोपताना वहीत तीन रकाने भरायचे: किती मिनिटं बसले, किती शब्द झाले, आणि कुठे अडले. वर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात शब्दसंख्या दिसतेच, त्यामुळे मोजायला कष्ट नाहीत. सहा दिवसांचे एकूण शब्द झाले १,८६०. म्हणजे रोजचे ३१०.

इथे बहुतेक जण जे करतात तेच माझ्या मनात आलं, की पुढच्या आठवड्यात जोर लावू. पण गणित करून बघा. उरलेले शब्द २२,१४०, उरलेले दिवस ३९. आता रोज ५६८ हवेत. जी मुलगी ५३३ ला पोचू शकली नाही, ती ५६८ ला कशी पोचणार? आणि ३१० च्याच वेगाने गेले तर ७१ दिवस लागतील, म्हणजे जानेवारीचा शेवट येईल आणि गाइडने अजून एक ओळ वाचलेली नसेल.

टार्गेट चुकलं की दोनच प्रामाणिक मार्ग असतात: वेळ वाढवा किंवा काम कापा. 'मी बदलेन' हा तिसरा मार्ग नाही. पहिल्या आठवड्याचं टार्गेट हे टार्गेट नसतंच मुळी, ते मोजमाप असतं. उपकरण वापरण्याआधी आपण कॅलिब्रेट करतो ना, तसं. तुमचा खरा वेग किती, हे त्या सहा दिवसांत कळतं, आणि पुढचा बेत त्या आकड्यावर आखायचा, ५३३ वर नाही.

मी काम कापलं. सगळ्यात मोठी कात्री लागली दुसऱ्या प्रकरणाला. आपल्याकडे मटेरियल सायन्सच्या थीसिसमध्ये हे प्रकरण ठरलेलं असतं: एक्स-रे डिफ्रॅक्शन म्हणजे काय, ब्रॅगचा नियम, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची आकृती, प्रत्येक उपकरणाचा इतिहास. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे आणि आमच्या विभागातल्या प्रत्येक थीसिसमध्येही आहे, जवळपास त्याच वाक्यांत. सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त लाल रंग याच प्रकरणात दिसतो तो त्यामुळेच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांमध्ये गेलात तर थीसिस सुधारून पुन्हा द्यावी लागते. म्हणजे मी ज्या भागावर तेरा-चौदा दिवस घालवणार होते, तोच भाग मला नंतर अडचणीत आणणार होता. गाइडना विचारलं, "सर, प्रत्येक उपकरणाची थिअरी गाळून फक्त मी कोणती सेटिंग वापरली आणि का, एवढंच लिहिलं तर?" ते म्हणाले, "लिही. थिअरी परीक्षकाला माहीत असते." पाच वर्षांत एवढं सुखाचं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ६,५०० चे २,५०० झाले. पूर्वसंशोधनातून नॅनोटेक्नॉलॉजीचा सामान्य इतिहास काढून टाकला, ८,००० चे ५,००० झाले. एकूण ७,००० शब्द गेले आणि थीसिसचं काहीही बिघडलं नाही.

उरले १५,१४०. भागिले ३९, रोज ३८८. तरीही माझ्या ३१० पेक्षा जास्त. म्हणून सकाळच्या नव्वद मिनिटांच्या बैठकीला संध्याकाळची चाळीस मिनिटांची आणखी एक जोडली. एवढंच. रात्री जागून लिहायचा प्रयोग मी एकदाच केला, रात्री दोन वाजेपर्यंत ९०० शब्द लिहिले आणि पुढचे दोन दिवस शून्य. सरासरी किती ते तुम्हीच काढा.

यानंतर जे लक्षात आलं ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. शब्द हे एकक सगळ्या कामांना चालत नाही.

निष्कर्षांचं प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी रोज ३८८ शब्दांचं टार्गेट पूर्ण करत होते आणि तरी काही पुढे सरकत नव्हतं. कारण शब्द भरण्यासाठी मी प्रस्तावनेसारखे परिच्छेद लिहीत होते, 'गॅस सेन्सरचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे' छापाचे. निष्कर्षांच्या प्रकरणाचं खरं एकक आहे आकृती. माझ्याकडे नव्याने लिहायच्या ३१ आकृत्या होत्या. प्रत्येकीसाठी चार प्रश्न: हे काय मोजलंय आणि कोणत्या परिस्थितीत, डोळ्यांना काय दिसतं, आकड्यांत किती, आणि याचा अर्थ काय. चार उत्तरं लिहिली की साधारण २२० शब्द होतात. रोज दोन आकृत्या, की दिवस संपला. शब्द आपोआप ४४० होतात, आणि मुख्य म्हणजे खोटे शब्द लिहायची सोय राहत नाही.

उदाहरण देते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत माझ्या फिल्मचे कण एक्स-रेवरून काढलेल्या आकारापेक्षा बरेच मोठे दिसत होते. ही आकृती मी चार दिवस टाळत होते, कारण मला वाटत होतं की काहीतरी चुकलंय. चार प्रश्न लिहायला बसले आणि चौथ्या प्रश्नाला उत्तर लिहितानाच सापडलं: एक्स-रेच्या शिखराच्या रुंदीवरून, म्हणजे शेररच्या सूत्रावरून, D = 0.9λ/(β cosθ), जो आकार मिळतो तो एका स्फटिकाचा असतो. फोटोत दिसणाऱ्या एका कणात असे अनेक स्फटिक एकत्र असू शकतात. दोन्ही आकडे बरोबर होते, ते वेगवेगळ्या गोष्टींचे होते. वीस मिनिटांत आकृती संपली.

उपकरणांच्या प्रकरणाचं एकक वेगळं, रोज एक उपकरण. पाच उपकरणं, पाच दिवस. पूर्वसंशोधनाचं एकक पुन्हा वेगळं. तिथे मी आधी तक्ता केला: कोणी, कोणत्या पद्धतीने फिल्म बनवली, कोणता वायू, किती तापमान, किती प्रतिसाद. रोज आठ ओळी भरायच्या. तक्ता पूर्ण झाल्यावरच परिच्छेद. तक्त्यातच दिसतं की सगळे जण २५० अंशांच्या वर मोजतायत आणि खालच्या तापमानाला फारसं कोणी हात लावलेला नाही. मग परिच्छेद लिहायला विचार करावा लागत नाही.

आणि पेपरांमधून येणारे ते १२,००० शब्द? ती माझी ढोबळ चूक. मी ते 'तयार' म्हणून धरले होते. पेपर म्हणजे आखडून लिहिलेली गोष्ट असते. थीसिसमध्ये ती सोडवून, आकृत्यांचे क्रमांक बदलून, स्वतःचीच वाक्यं नव्याने लिहून द्यावी लागते. शिवाय दोन पेपरांत एकाच राशीसाठी मी दोन वेगळी चिन्हं वापरली होती. या कामाला आठ दिवस लागले आणि ते माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. तुम्ही हिशेब करताना प्रत्येक छापील पेपरमागे चार दिवस वेगळे धरा.

आता चालढकल. इंटरनेटवर याबद्दल बोलताना सगळे मोबाइलला दोष देतात. मोबाइल मी कपाटात ठेवून कुलूप लावायचे आणि तरीही लिहीत नव्हते. मी काय करत होते ते वहीतल्या तिसऱ्या रकान्यात दिसलं. एका मंगळवारी तीन तासांत ४० शब्द. त्या तीन तासांत मी ओरिजिनमध्ये एका आलेखाच्या रेषांचे रंग बदलले, अक्षांवरचा फॉन्ट सगळीकडे सारखा केला, मेंडेलीमध्ये ११० संदर्भांची नावं तपासली आणि दोन नवे पेपर डाउनलोड केले. संध्याकाळी दमून गेले होते. कुणी विचारलं असतं तर दिवसभर थीसिसचं काम केलं म्हणूनच सांगितलं असतं. ही चालढकल ओळखणं अवघड, कारण तिने अॅप्रन घातलेला असतो.

ओळखायची माझी खूण अशी: ते काम केल्यावर उद्या गाइडला वाचायला काही जास्त मिळणार आहे का? नसेल तर ते शेवटच्या २४ दिवसांतलं काम आहे. फॉन्ट, रंग, संदर्भांची रचना, सगळं तिकडे. लिहिताना संदर्भ आठवला नाही तर मी तिथे [REF] टाकायचे आणि पुढे जायचे. आकडा शोधावा लागणार असेल तर [NUM]. शेवटी Ctrl+F करून एका दिवसात सगळे भरले. पहिल्या ड्राफ्टमध्ये १३७ होते, आणि त्यातल्या प्रत्येकाने माझा एकेक पाऊण तास वाचवला असेल, कारण एक संदर्भ शोधायला गेलेली मी पाच पेपर वाचून परत यायचे.

फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांचं म्हणणं आहे की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून त्या क्षणाच्या भावनेचा असतो. काम बघितलं की काहीतरी नको वाटतं, भीती, कंटाळा, लाज. काम बाजूला सारलं की ते नको वाटणं लगेच थांबतं. सुटका लगेच मिळते आणि किंमत पुढच्या महिन्यातली 'मी' देते. हे वाचल्यावर मी तिसऱ्या रकान्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं. मी कुठल्याही पानाला टाळत नव्हते, ठरावीक पानांना टाळत होते. नोव्हेंबरचे आठ दिवस सगळे मिळून एकाच ठिकाणी अडले होते: प्रकरण पाच, आकृती सात.

त्या आकृतीत माझ्या सेन्सरचा नायट्रोजन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद होता. झिंक ऑक्साइडमध्ये अॅल्युमिनियम मिसळत गेलं तसा तो वाढत गेला, २ टक्क्यांना सगळ्यात जास्त, आणि ४ टक्क्यांना एकदम खाली. का? मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मी 'नंतर बघू' म्हणून ते बाजूला ठेवलं होतं. चालढकल नोव्हेंबरमध्ये सुरू झाली नव्हती, ती तिसऱ्या वर्षातच सुरू झाली होती. आता परीक्षकापुढे उभं राहून 'का' ला उत्तर द्यायचं, या भीतीने मी आलेखाचे रंग बदलत बसले होते.

अशा ठिकाणी '३८८ शब्द' हे टार्गेट कुचकामी असतं. उत्तर माहीत नसताना शब्द कुठून येणार? मी त्या दिवशीचं टार्गेट बदललं: शब्द नाहीत, फक्त प्रश्न लिहायचा, आणि तोही मराठीत. इंग्रजीत लिहिलं की मला आपोआप गुळगुळीत वाक्यं सुचतात, 'this may be attributed to' वगैरे, ज्यांत न कळलेलं छान झाकलं जातं. मराठीत झाकता येत नाही. वहीत लिहिलं: 'चार टक्क्यांना प्रतिसाद का पडतो? अॅल्युमिनियम आत जातंय का तिथेच बाहेर साचतंय? आत जात असेल तर एक्स-रेमध्ये काय दिसायला हवं?' तिसरं वाक्य लिहिलं आणि उठून जुन्या फाइल्स उघडल्या. अॅल्युमिनियमचा आयन जस्तापेक्षा लहान. तो जस्ताच्या जागी बसत असेल तर शिखर थोडं मोठ्या कोनाकडे सरकायला हवं. २ टक्क्यांपर्यंत ते सरकत होतं. ४ टक्क्यांना ते २ टक्क्यांच्याच जागी थांबलेलं. म्हणजे जास्तीचं अॅल्युमिनियम जाळ्यात शिरत नसावं, कणांच्या कडांना साचत असावं, आणि वायूने जिथे चिकटायला हवं ती जागाच अडवत असावं. हा पुरावा पूर्ण नाही. त्यासाठी पृष्ठभागाची वेगळी तपासणी लागली असती आणि तिला वेळ नव्हता. पण शिखर थांबलंय ही गोष्ट खरी, आणि 'हे एक संभाव्य कारण आहे, अमुक मापन केल्यास खात्री होईल' असं लिहिणं हेही उत्तरच आहे. त्या संध्याकाळी सरांना तो मराठी प्रश्न आणि खाली दोन ओळींचं उत्तर पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "बरोबर. हेच लिही. मर्यादा स्पष्ट लिही." दुसऱ्या दिवशी ६१० शब्द झाले, ती जागरणाची एक रात्र सोडली तर तीन महिन्यांतला माझा उच्चांक.

म्हणून वहीतल्या तिसऱ्या रकान्यात एकच ठिकाण सलग तीन दिवस आलं, तर चौथ्या दिवशी तिथे लिहायला बसू नका. तिथे एक न सुटलेला प्रश्न आहे. तो तुमच्या घरच्या भाषेत एका कागदावर लिहा आणि तासाभरात सुटला नाही तर गाइडकडे किंवा बाजूच्या टेबलावरच्या सीनियरकडे न्या. मी दिवाळीच्या आधी हे केलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

शून्याच्या दिवसांचं काय करायचं, तेही सांगायला हवं. लग्नाहून आल्यावर माझे ठरलेल्यापेक्षा तीन दिवस जास्त शून्य गेले. डोक्यात लगेच व्याज सुरू झालं: आज ३८८ अधिक मागचे तीन दिवस, म्हणजे १,५५२. हा आकडा बघून मी चौथा दिवसही शून्य केला, कारण १,५५२ होणार नाहीत हे उघडच होतं. त्यानंतर नियम केला की उधारी पुढच्या दिवसावर न्यायची नाही. रोजचा आकडा रोजचाच. उरलेलं काम आणि उरलेले दिवस यांचा भागाकार फक्त रविवारी रात्री, आठवड्यातून एकदा. आकडा झेपेल इतका राहिला तर तोच, नाहीतर पुन्हा कात्री. दुसऱ्या वेळी कापलं ते एक पूर्ण उपप्रकरण होतं, आर्द्रतेचा परिणाम. त्याची मापनं अर्धवटच होती आणि ती पूर्ण करायला मी गुपचूप लॅबमध्ये जायची स्वप्नं बघत होते. शेवटच्या तीन महिन्यांत 'अजून एक रीडिंग घेऊ' असं वाटणं ही चालढकलीची सगळ्यात सभ्य जात आहे.

याशिवाय एक तळाचं टार्गेट ठेवलं, ५० शब्द. ताप असो, प्रवास असो, पन्नास शब्द, म्हणजे तीन-चार वाक्यं. याचा उपयोग शब्दसंख्येसाठी नाही. दोन दिवस फाइल उघडली नाही की तिसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास 'मी कुठे होते' हे शोधण्यात जातो. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लेखन अडलेल्या प्राध्यापकांवर प्रयोग केले होते. ज्यांना ठरलेल्या वेळी रोज लिहायची सक्ती केली, त्यांचं लेखन 'सुचेल तेव्हा लिहू' म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त झालं, आणि गंमत म्हणजे नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त वेळा सुचल्या. मूड आल्यावर लिहायचं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सकाळी उठून सुरुवात सोपी व्हावी म्हणून मी आदल्या रात्री पुढच्या आकृतीचं पहिलं वाक्य अर्धवट लिहून ठेवायचे. अर्धं वाक्य बघवत नाही, पूर्ण केल्याशिवाय.

स्वतःला दिलेल्या तारखा मी पाळत नाही हे मला माहीत होतं. म्हणून दर दुसऱ्या शनिवारी एक प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवायचं ठरलं, जसं असेल तसं, [REF] सकट. यात दुहेरी फायदा होता. मला बाहेरची तारीख मिळाली, आणि त्यांना एकदम दोनशे पानं वाचावी लागली नाहीत. तुमच्या गाइडना अर्धवट ड्राफ्ट चालत नसेल तर आधीच विचारा. काहींना अजिबात चालत नाही आणि मग तुमचे शेवटचे २४ दिवस ३५ धरावे लागतील.

माझा पूर्ण ड्राफ्ट २१ ला होणार होता, २४ डिसेंबरला झाला. ते तीन दिवस शेवटच्या २४ मधून गेले. उरलेल्या दिवसांचा जमाखर्च असा: सरांनी वाचायला नऊ दिवस घेतले, आणि त्याच काळात मी रंग, फॉन्ट, संदर्भ असं सगळं लाडकं काम मनसोक्त केलं. दुरुस्त्यांना चार दिवस. सिमिलॅरिटी रिपोर्ट यायला दोन दिवस, आला तो ८ टक्के. प्रिंट आणि बाइंडिंगला दोन. नो-ड्यूजच्या सह्यांना दोन, कारण ग्रंथालयात माझ्या नावावर एक पुस्तक निघालं, जे चार वर्षं माझ्याच खोलीत पलंगाखाली होतं. १३ जानेवारीला दुपारी पाच प्रती आणि सीडी दिली. क्लार्कने पावती देताना सीडी तपासली आणि म्हणाले, "मॅडम, फाइलचं नाव Thesis_final_final_7 आहे. बदलून आणा."